नमस्कार आधी, संकेतांक नंतर

कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळापासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग हा दिल्लीतील मराठी माणसाच्या ओळखीचा रस्ता आहे. पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावर 2013 साली नवीन महाराष्ट्र सदनाची वास्तू सुरू झाली. तेव्हापासून शासकीय कामासाठी, परीक्षेसाठी, उपचारासाठी किंवा केवळ राजधानी पाहण्यासाठी येणारे अनेक मराठी पाहुणे याच रस्त्यावर उतरतात. येथून कोठेही जायचे झाले, की हल्ली मोबाइलवरून गाडी मागविली जाते, आणि रात्री काही खावेसे वाटले, तर तेही मोबाइलवरूनच येते. गाडी येते, पुडा येतो, पैसे आपोआप चुकते होतात. मात्र या सगळ्या सुरळीत व्यवहारात एक क्षण अवघडलेला राहतो. समोर आलेल्या माणसाला पहिला शब्द कोणता बोलावा, हा तो क्षण होय.

टॅक्सी ही काही नवी गोष्ट नाही. मग हा अवघडलेपणा आताच का जाणवतो? पूर्वी टॅक्सी मिळवायची, तर बोलणे अपरिहार्य होते. नाक्यावर जाऊन 'स्टेशनला येणार का?' असे विचारावे लागे, भाडे ठरवावे लागे, आणि त्या देवघेवीतच परस्परांची नाममात्र ओळख होऊन जाई. दूधवाला, पोस्टमन, वाणसामान पोचविणारा मुलगा हे तर वर्षानुवर्षे तेच असत. त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे घराने कधीच ठरवून टाकलेले असे. मोबाइलवरील सेवेने ही पहिली बोलणी काढून घेतली. कोठे जायचे, किती पैसे, कोण येणार, हे सर्व पडद्यावर आधीच ठरते. दोन माणसे प्रत्यक्ष समोरासमोर येतात, तेव्हा बोलण्याजोगे असे एकच काम शिल्लक राहते, ते म्हणजे चार अंकी संकेतांक, अर्थात ओटीपी. साहजिकच अनेक प्रवाशांच्या तोंडून गाडीत बसताना निघणारा पहिला शब्द हा एखादा आकडा असतो. तो ऐकून चालकही आकडाच टिपतो. दोघांपैकी कोणाचाही अपमान करण्याचा हेतू नसतो, तरीही पुढची पाऊण तास चालणारी शांतता दोघांनाही जड जाते.

दिल्लीत आलेल्या मराठी माणसाच्या बाबतीत या अडचणीत भाषेची आणखी एक अडचण मिसळते, आणि तिचे मूळ अगदी साध्या सर्वनामात आहे. मराठीत अनोळखी माणसाशी आदराने बोलताना आपण 'तुम्ही' म्हणतो. 'तुम्ही कुठे आहात?' या वाक्यात कोणत्याही चालकाला खटकावे असे काही नाही. हेच वाक्य मनातल्या मनात हिंदीत नेताना 'तुम्ही'च्या जागी सहजपणे 'तुम' येऊन बसते आणि 'तुम किधर है?' असा प्रश्न फोनवरून जातो. मुंबईच्या हिंदीत हे चालून जाते. दिल्लीत मात्र अनोळखी प्रौढ माणसासाठी 'आप' हेच सर्वनाम रूढ आहे. 'तुम' हे मित्र, वयाने लहान मंडळी किंवा हाताखालची माणसे यांच्यासाठी वापरले जाते. म्हणजेच मराठीच्या मनात असलेला आदर हिंदीत पोचेपर्यंत एक पायरी खाली उतरतो. बोलणाऱ्याला याचा पत्ता नसतो. ऐकणाऱ्याच्या आवाजात मात्र फरक पडतो. मघाशी 'हाँ जी' म्हणणारा चालक एकाएकी 'आ रहा हूँ' एवढेच बोलून फोन ठेवतो, आणि प्रवाशाला वाटते, की दिल्लीची माणसे तुसडीच असतात.

यावरील उपाय सोपा आहे. मराठीत जेथे जेथे 'तुम्ही' येईल, तेथे हिंदीत 'आप' योजावे आणि क्रियापदही त्याला साजेसे ठेवावे. 'आइए', 'रुकिए', 'चलिए' ही रूपे जिभेवर बसवून घेतली, की निम्मे काम होते. दिल्लीत 'आप आ जाओ', 'आप रुको' अशी मिश्र रूपेही सर्रास कानी पडतात, आणि ती कोणाला खटकत नाहीत, कारण त्यात 'आप' शाबूत असतो. व्याकरणाची इतर चूक झाली, लिंग चुकले, 'गाडी आया' असे निघून गेले, तरी समोरचा माणूस मनावर घेत नाही. परगावच्या माणसाची हिंदी तो समजून घेतो. सर्वनामाची चूक तेवढी भाषेची न वाटता वृत्तीची वाटते.

दुसरा प्रश्न हाक कोणती मारावी, हा. महाराष्ट्रात 'दादा', 'काका', 'भाऊ', 'मामा' अशी नात्याची हाक कोणत्याही अनोळखी माणसाला मारता येते. दिल्लीतील तिचा सर्वांत जवळचा पर्याय 'भैया' हा आहे. पण मराठी माणूस हा शब्द उच्चारताना कचरतो, कारण आपल्याकडे तो उत्तरेकडून आलेल्या माणसाचे वर्णन म्हणून, आणि पुष्कळदा हेटाळणीच्या सुरात वापरला जातो. दिल्लीत त्याला तो वास नाही. तेथे 'भैया' म्हणजे थोरला भाऊ, आणि रिक्षापासून भाजीच्या गाडीपर्यंत सर्वत्र ती हाक चालते. तरीही ज्यांना तो शब्द जड वाटतो, किंवा चालक वयाने मोठा आहे, त्यांनी 'भाईसाहब' म्हणावे. हा शब्द वय, प्रांत आणि धर्म यांच्या पलीकडचा आहे. महिला चालक किंवा पार्सल घेऊन आलेली तरुणी असेल, तर 'मैडम' किंवा 'दीदी' योग्य ठरते. 'ड्रायव्हर', 'ओ भाई', 'सुनो' या हाका नव्हेत. त्यांतून केवळ लक्ष वेधले जाते.

पडद्यावर चालकाचे नाव दिसतेच, तर नावानेच का बोलू नये, असे कोणी विचारील. नावापुढे 'जी' लावून बोलणे दिल्लीत सभ्य मानले जाते, यात शंका नाही. परंतु पडद्यावर बहुधा पूर्ण नावातील पहिलाच शब्द येतो, आणि तो रोमन लिपीत असतो. कोणाच्या नावाचा पहिला शब्द 'मोहम्मद' किंवा 'कुमारी' असतो, आणि त्या माणसाला त्याचे आप्तस्वकीय त्या शब्दाने कधीच हाक मारीत नाहीत. कोणाचे नाव रोमन अक्षरांतून वाचताना चुकते. शिवाय चालकाला तुमचे नाव ठाऊक आणि तुम्हाला त्याचे, पण ओळख मात्र कोणाचीच नाही, अशी ती स्थिती असते. म्हणून नावाचा उपयोग खात्री करून घेण्यापुरता करावा आणि बोलताना 'भाईसाहब' ठेवावे, हे अधिक सोयीचे.

आता हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बँकेतून निवृत्त झालेले साताऱ्याचे एक अधिकारी सपत्नीक नवीन महाराष्ट्र सदनात उतरले आहेत. दुपारच्या गोवा एक्स्प्रेसने त्यांना हजरत निजामुद्दीन स्थानकावरून परतायचे आहे. सामान तीन नग. त्यांनी मोबाइलवरून गाडी मागविली, चार मिनिटांत येईल असे पडद्यावर उमटले, आणि लगेच चालकाचा फोन आला, 'हाँ जी, लोकेशन पे ही आना है?' पाहुण्यांना या प्रश्नाचा राग येणे स्वाभाविक आहे, कारण ठिकाण तर आधीच कळविले आहे. परंतु चालकाच्या बाजूने पाहिले, तर प्रश्न रास्त आहे. नकाशावरील खूण पुष्कळदा इमारतीच्या मागच्या भिंतीवर किंवा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पडते, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर पलीकडच्या बाजूला जायचे म्हणजे पुढच्या चौकातून वळसा आला.

येथे तर आणखी एक खास दिल्लीचा घोटाळा संभवतो. राजधानीत महाराष्ट्र सदने दोन आहेत. जुने कोपर्निकस मार्गावर आणि नवे कस्तुरबा गांधी मार्गावर. दोन्ही रस्ते इंडिया गेटच्याच वर्तुळातून फुटतात. त्यामुळे 'महाराष्ट्र सदन के सामने खड़े हैं' हे वाक्य दोन्ही ठिकाणी तितकेच खरे असते. चालक जुन्या सदनासमोर, पाहुणे नव्या सदनासमोर, आणि दोघेही फोनवर एकमेकांना 'मी तेथेच उभा आहे' असे सांगत आहेत, असा प्रसंग उद्भवू शकतो. अशा वेळी आवाज चढतो तो स्वभावामुळे नव्हे, तर अपुऱ्या पत्त्यामुळे.

म्हणून या पाहुण्यांनी पहिल्याच फोनवर असे बोलावे : 'नमस्ते भाईसाहब. नया महाराष्ट्र सदन, कस्तूरबा गांधी मार्ग. कोपर्निकस मार्ग वाला नहीं. हम गेट पर हैं, तीन बैग हैं.' या चार छोट्या वाक्यांत अभिवादन आहे, नेमका पत्ता आहे, संभाव्य चूक आधीच टाळली आहे, आणि सामान किती हेही कळले आहे. डिकीत गॅसची टाकी असलेल्या गाडीच्या चालकाला ही शेवटची माहिती फार उपयोगी पडते. दिल्लीतील अनेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि त्यांच्या डिकीत मोठ्या बॅगा सहज मावत नाहीत. तसे असल्यास तो फोनवरच सांगू शकतो आणि फाटकावरची कुरबुर टळते. अर्थात हे बोलणे खरे ठरावे म्हणून पाहुण्यांनी खरोखरच फाटकावर येऊन उभे असले पाहिजे. चालक येऊन थांबला आहे आणि प्रवासी अद्याप खोलीत कुलूप लावीत आहे, अशा वेळी कितीही गोड नमस्कार केला, तरी तो उशिराची भरपाई करीत नाही. सुरक्षा व्यवस्था कडक असलेल्या या भागात गाडी फार वेळ उभी करणे चालकाला कठीण जाते.

गाडी आली. आता क्रम महत्त्वाचा. प्रथम गाडीचा क्रमांक पडद्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. दिल्ली परिसरात टॅक्सीवर डीएलप्रमाणेच हरयाणाचा एचआर किंवा उत्तर प्रदेशचा यूपी असा क्रमांक असतो, त्यात वावगे काही नाही. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, विजेवरील भाड्याच्या गाडीची हिरवी पाटी पिवळ्या अक्षरांची असते. क्रमांक जुळला, की खिडकीपाशी जाऊन चालकाच्या चेहऱ्याकडे पाहून 'नमस्ते भाईसाहब' म्हणावे. त्यानंतर स्वतःचे नाव न सांगता 'किसके नाम से बुकिंग है?' असे विचारावे. आपणच 'कुलकर्णी के लिए?' असे विचारले, तर भलत्या गाडीचा माणूसही 'हाँ जी' म्हणू शकतो. प्रश्न मोकळा ठेवला, तर उत्तर पडताळता येते. अभिवादन आणि सावधगिरी यांचा येथे विरोध नाही. उलट आधी नमस्कार झाल्यामुळे पुढील प्रश्न संशयाचा वाटत नाही. सामान ठेवून झाले, आत बसून दार लागले, की मग चार अंक सांगावेत. ते एकेक करून सावकाश सांगावेत. चालकाचे लक्ष तेव्हा पडद्यावर असते.

यानंतरचा प्रश्न बोलावे की गप्प बसावे, हा. अभिवादन केले म्हणजे गप्पा मारण्याचे वचन दिले, असा अनेकांचा समज असतो, आणि त्यापायी ते नमस्कारच टाळतात. वास्तविक गोष्ट उलटी आहे. नमस्कार झाला, की शांतता मोकळी होते. नमस्काराविना आलेली शांतता मात्र अबोला वाटते. निजामुद्दीनपर्यंतच्या प्रवासात कामापुरते एक वाक्य पुरेसे असते : 'गाड़ी का टाइम है, पर आराम से चलिए.' त्याला चालकाने 'जी' एवढेच उत्तर दिले, तर त्याला गप्प राहायचे आहे, असे समजावे. त्याने उलट काही विचारले, तर बोलणे पुढे न्यावे. 'आप कहाँ से हैं?' हा प्रश्न दिल्लीत सर्वसाधारण आहे, कारण तेथील पुष्कळ चालक बिहार, उत्तर प्रदेश, उत्तराखंड अशा ठिकाणांहून आलेले असतात आणि गावाविषयी आनंदाने बोलतात. दिवसाला किती सुटतात, गाडी स्वतःची की भाड्याची, आडनाव काय, हे प्रश्न मात्र आपल्याकडून निघू नयेत. पहिल्या दोहोंत चौकशीचा सूर असतो, आणि तिसऱ्यातून बहुधा जात शोधली जाते. वातानुकूलन यंत्र सुरू करणे किंवा रेडिओचा आवाज कमी करणे यासाठीही 'ज़रा' हा एक शब्द पुरतो : 'ज़रा एसी चला दीजिए.' एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीने नमस्कारानंतर बोलणे थांबविले, तर त्यात उद्धटपणा मुळीच नाही. सौजन्याचा अर्थ स्वतःची माहिती देणे असा होत नाही.

स्थानकावर उतरताना मराठी माणूस सवयीने 'येतो' म्हणू पाहतो. हिंदीत त्याचे काम 'चलते हैं, शुक्रिया भाईसाहब' हे शब्द करतात. तुर्कस्तानातील अंकारा येथे बसने प्रवास करणाऱ्यांवर मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. चालकाला नमस्कार करणाऱ्या, त्याचे आभार मानणाऱ्या आणि शुभेच्छा देणाऱ्या प्रवाशांचे मन, तसे न करणाऱ्यांपेक्षा अधिक प्रसन्न असल्याचे त्यात आढळले. चालकाला काय वाटले, हा वेगळा मुद्दा. बोलणाऱ्यालाही त्या दोन शब्दांचा लाभ होतो, एवढे त्यावरून दिसते.

घरपोच वस्तू घेऊन येणाऱ्याचा प्रसंग याहून निराळा आहे. येथे सारी भेट अर्ध्या मिनिटाची असते, आणि त्या अर्ध्या मिनिटात येणाऱ्याचे मन पुढच्या पत्त्यावर असते. नीती आयोगाने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2020-21 मध्ये देशात अशा प्रकारे काम करणाऱ्यांची संख्या 77 लाख होती. त्यांतील पोचविणाऱ्यांची कमाई बव्हंशी फेऱ्यांवर अवलंबून असते. त्यामुळे दारात उभे करून केलेल्या आपुलकीच्या चौकशीपेक्षा तयारीने उघडलेले दार त्यांना अधिक मोलाचे वाटते. सदनासारख्या किंवा कस्तुरबा गांधी मार्गावरील कार्यालयांसारख्या ठिकाणी त्यांना बहुधा फाटकावरच अडविले जाते. पाहुण्याने फोनवर 'ऊपर आ जाओ' म्हणावे आणि रक्षकाने आत सोडू नये, या ओढाताणीत तो मुलगा सापडतो. म्हणून आधी रक्षकाला विचारून घ्यावे, आणि आत प्रवेश नसेल, तर 'आप गेट पर रुकिए, मैं आ रहा हूँ' असे सांगून स्वतः खाली जावे.

भेट झाली, की फोनमधून नजर काढून 'नमस्ते' म्हणावे, पुडा दोन्ही हातांनी घ्यावा आणि 'शुक्रिया' म्हणावे. एवढ्याने अभिवादन पूर्ण होते. उन्हाळ्याच्या दिवसांत 'पानी लेंगे?' हा एक प्रश्न जोडावा. नकार आला, तर आग्रह करू नये. त्याला खरोखरच घाई असते. पदार्थ थंड झाला आहे किंवा कमी आला आहे, याची तक्रार त्याच्यापाशी करण्यात अर्थ नसतो. पुडा त्याने बांधलेला नसतो. ती तक्रार सेवेच्या मदत विभागाकडे करावी. येथेही वडीलधाऱ्यांची सहज होणारी चूक म्हणजे वीस वर्षांच्या मुलाला 'तू' किंवा 'तुम' म्हणणे. 'बेटा' म्हणून प्रेमाने बोलणाऱ्या आजोबांना कोणी दोष देत नाही, पण 'बेटा, आप रुकिए' असे म्हटले, तर त्या प्रेमाला मानही मिळतो.

पैशाचा प्रश्न येतो, तेथे अभिवादनाइतकेच स्पष्ट बोलणेही सौजन्यात मोडते. रोख द्यायचे असल्यास सुटे पैसे तयार ठेवावेत. क्यूआर कोड वाचून पैसे पाठवायचे असल्यास पडद्यावर उमटलेले नाव मोठ्याने वाचावे, 'यही नाम है न?' असे विचारावे आणि पैसे गेल्यावर त्याच्याकडून 'आ गया' असे ऐकूनच वळावे. पार्सलसाठी संकेतांक मागितला जातो, तोही पुडा हातात आल्यावर आणि संदेश नीट वाचून मगच सांगावा. बँकेच्या खात्यासंबंधी आलेला संकेतांक कोणत्याही चालकाला किंवा पार्सल आणणाऱ्याला लागत नाही. तसेच पैसे परत मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. असे कोणी मागितले, तर 'नहीं भाईसाहब, यह नहीं दूँगा' असे शांतपणे सांगावे. नमस्कार केला म्हणून नकार देता येत नाही, असे नाही.

शेवटी या सौजन्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. बारा तास गाडी चालविलेल्या माणसाकडून हसतमुख प्रतिनमस्काराची अपेक्षा धरणे योग्य नव्हे. पुष्कळदा उत्तर केवळ मान हलवून मिळते, क्वचित मिळतही नाही. त्यावरून त्याला मोबाइलवर कमी तारे देणे अन्यायाचे होईल, कारण त्या ताऱ्यांवर त्याचे काम अवलंबून असते. तारे गाडी कशी चालविली यासाठी असतात. नमस्काराचे उत्तर मिळाले की नाही, यासाठी नसतात. उलटपक्षी नुसता नमस्कार करून वाट पाहावयास लावणे, तीन नग सामान असताना छोटी गाडी मागविणे, अर्धवट पत्ता देणे, हे सर्व केल्यावर शब्दांचा गोडवा पोकळ ठरतो. नेमका पत्ता, वेळेवर फाटकावर असणे, 'आप' हे सर्वनाम आणि चेहऱ्याकडे पाहून उच्चारलेले 'नमस्ते भाईसाहब' या चार गोष्टी जमल्या, तर कस्तुरबा गांधी मार्गावरून निघालेल्या प्रवासात अवघडलेपणाला फारसे कारण उरत नाही.